एकाच कामाचे पाच आकडे

पगारवाढीची बैठक गुरुवारी होती. मंगळवारी रात्री माझ्या वहीत एकाच कामाचे पाच आकडे होते आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नव्हता.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सात वर्षं आहे. चलन कुठलंही असो, हिशेब तोच राहतो, म्हणून माझा तेव्हाचा वार्षिक ठरीव पगार इथे १०० धरते. लोक आपापले पगार नोंदवतात अशा एका साइटवर माझ्या पदासमोर १४० दिसत होतं. नोकरीच्या जाहिरातींत ११२ पासून १९० पर्यंत काहीही होतं. एका रिक्रूटर बाईंनी फोनवर १३५ ते १४० सांगितलं. एका स्टाफिंग कंपनीच्या पगार-सर्वेक्षणात १०८ होतं. दुसऱ्या कंपनीत गेलेली माझी जुनी सहकारी म्हणाली, “आमच्याकडे या कामाला ११८ ते १२८ देतात.” तिला मी तिचा स्वतःचा पगार विचारलाच नव्हता, कामाची रेंज विचारली होती. असं विचारलं की माणूस अवघडत नाही.

पहिला विचार आला तो सरासरी काढण्याचा. बेरीज करायलाही घेतली होती. पण १४० मध्ये काय काय धरलंय हेच मला माहीत नव्हतं, मग सरासरी कशाची काढणार? बेरीज सोडली आणि एकेक आकडा उघडायला बसले.

साइटवरचा १४० हा एकूण मोबदला निघाला: ठरीव पगार, बोनस आणि शेअर्स धरून. फक्त ठरीव पगाराचा पर्याय निवडल्यावर तो १२६ वर आला. मग गेल्या वर्षभरातल्या आणि पाच ते आठ वर्षं अनुभवाच्या नोंदी तेवढ्या ठेवल्या. चौतीसपैकी चौदा उरल्या. त्यांची सरासरी १२९ होती आणि मध्यक, म्हणजे नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १२२. दोन नोंदी २०० च्या वर होत्या, त्या सरासरी ओढून नेत होत्या. मी मध्यक घेतला. तरी चौदा नोंदी म्हणजे थोड्याच, म्हणून त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

जाहिरातींनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. अकरा जमवल्या होत्या, पण पगार लिहिलेल्या पाचच. त्यातल्या दोन म्हणजे एकच जागा, दोन पोर्टलवर टाकलेली. मजकुरातली चूकसुद्धा तीच होती. १९० वाली जाहिरात शेवटपर्यंत वाचली तर ती १२० पासून सुरू होत होती, आणि वरच्या टोकाला दहा वर्षं अनुभव आणि आठ जणांची टीम मागितली होती. त्या एकाच जाहिरातीत त्यांनी दोन पदं कोंबली होती. जाहिरातीतलं वरचं टोक हा बाजारभाव समजून बैठकीत सांगितला, तर समोरचा तीच जाहिरात उघडून तुम्हाला दाखवू शकतो. ती बाजूला काढली. उरलेल्या तीन ११२ ते १३० मध्ये बसत होत्या.

बुधवारी दुपारी रिक्रूटर बाईंना पुन्हा फोन केला.

“मॅडम, तुम्ही काल १३५ ते १४० म्हणालात, ते ठरीव की बोनस धरून?”

“बोनस धरून. साधारण बारा टक्के.”

म्हणजे १.१२ ने भागायचं: १२० ते १२५. “आणि हे नोकरी बदलणाऱ्यांचे आकडे ना?” त्या हो म्हणाल्या. नवीन माणूस आणायला कंपनी जे मोजते ते आतल्या माणसाला तसंच मिळत नाही, हे मनात ठेवून आकडा लिहिला. फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, हा अंदाज कशावरून? त्यांनी ज्या सर्वेक्षणाचं नाव घेतलं ते माझ्यासमोरच उघडं होतं. त्याच्या आकड्यांत वाढ धरूनच त्या बोलत होत्या.

तिथे मी थोडा वेळ गप्प बसून राहिले. सर्वेक्षण दोन वर्षांपूर्वीचं होतं. त्यातल्या १०८ वर दरवर्षी पाच टक्के वाढ धरली की ११९ येत होतं. ते १२०–१२५ च्या शेजारी बघून दोन मार्ग जुळले म्हणून मला बरं वाटलं होतं. प्रत्यक्षात ते एकाच विहिरीचं पाणी होतं. दोन्ही मिळून एकच साक्ष धरली आणि वहीत कंस काढून त्यांना जोडलं.

सरकारी आकडेही एकदा बघून घेतले होते. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागासारख्या संस्था मध्यकासोबत खालचा आणि वरचा चतुर्थकही, म्हणजे सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या पाव हिश्श्याची सीमाही, देतात, नोंदी भरपूर असतात, पण एका व्यवसायात नवखे आणि अनुभवी एकत्रच मोजलेले असतात. बाजार एकूण कुठे आहे ते त्यातून कळतं, माझ्या पातळीचं उत्तर मिळत नाही. म्हणून ते हिशेबात घेतले नाहीत.

रात्री वहीत चार ओळी उरल्या: साइट १२२, जाहिराती ११२ ते १३०, सर्वेक्षण आणि रिक्रूटर मिळून ११९ ते १२५, जुनी सहकारी ११८ ते १२८. सगळे ठरीव पगाराचे, त्याच पातळीचे, आजच्या तारखेचे. सगळ्यांना सामाईक असलेला पट्टा ११९ ते १२५ होता, मी १२२ मागायचं ठरवलं.

गुरुवारी मॅनेजर आणि एचआरच्या मॅडम दोघंही होते. माझं कागद दाखवून झाल्यावर मॅडमनी शांतपणे त्यांचं शीट उघडलं. “आमच्या सर्वेक्षणात तुमच्या पदाचा मधला आकडा १०६ आहे. तुम्ही त्याच्या ९४ टक्क्यांवर आहात. फार मागे नाही.”

त्यांचे आकडे खोटे नव्हते. कंपन्यांनी स्वतः भरलेलं सर्वेक्षण लोकांच्या नोंदींपेक्षा भरवशाचं असतं, हेही मला मान्य होतं. मग माझे चार मार्ग आणि त्यांचा एक यांत एवढं अंतर का?

मी विचारलं, “मॅडम, माझं पद सर्वेक्षणातल्या कुठल्या कामाशी जुळवलंय?”

त्यांनी वर्णन वाचून दाखवलं. हाताने टेस्ट चालवणे, दोष नोंदवणे, अहवाल देणे. मी तीन वर्षांपूर्वी तेच करत होते. आता माझा निम्म्याहून जास्त वेळ ऑटोमेशनचा कोड लिहिण्यात जातो आणि दोन ज्युनिअर माझ्याकडे शिकतात. मी गेल्या सहा महिन्यांच्या कामाचं पान पुढे सरकवलं: कुठल्या आठवड्यात काय, किती तास. मॅनेजर म्हणाले, “हे खरं आहे, मीच वाटून दिलंय.”

मॅडमनी त्याच सर्वेक्षणातलं ऑटोमेशनचं वर्णन काढलं. मधला आकडा १२१. मी ८३ टक्क्यांवर होते. तिथून पुढे बोलणं पगारावर राहिलंच नाही, माझं पद कुठल्या ओळीत बसतं यावर आलं. त्यावर आम्ही तिघं जवळजवळ तासभर बोललो.

या वर्षाचं बजेट ठरलेलं होतं, १२२ मिळालं नाही. ११३ मिळालं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा आढावा, नव्या पदाच्या आकड्याशी तुलना करून. तसं पत्रात लिहून द्या म्हणून मी विनंती केली. मॅडम म्हणाल्या, “त्याआधी कामाचं नवीन वर्णन सोमवारपर्यंत मला पाठवा. त्याशिवाय मला शीटमधली ओळ बदलता येत नाही.”

मी जागेवर परत आले, जुनं वर्णन उघडलं आणि पहिल्या ओळीतला ‘हाताने’ हा शब्द खोडला.