एक टन पोलाद, वीस हजार लिटर पाणी

मार्च संपत आला की आमच्या फाउंड्रीत उन्हाळी प्रशिक्षणाचे अर्ज यायला लागतात. ‘आपल्या नामांकित कंपनीत प्रशिक्षणाची संधी मिळाल्यास मी आपला ऋणी राहीन’ हे वाक्य बहुतेकांत असतंच. कॉलेजची नावं बदलतात, मजकूर तोच. त्यातला एक अर्ज मात्र मी बाजूला काढून ठेवला. धातुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचा होता, हाताने लिहिलेला.

‘आपल्याकडे क्रशरमध्ये दगड चिरडणाऱ्या जॉ प्लेट ओततात असं कळलं. मला एकच प्लेट साच्यापासून पाण्यात बुडेपर्यंत बघायची आहे. साधं कार्बन पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं. मँगनीज पोलादाचं उलटं होतं, असं पुस्तकात आहे. ते डोळ्यांनी बघायचं आहे. शिवाय, टाकीतलं पाणी किती तापतं?’

हा शेवटचा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. आम्ही चिपळूणजवळ काम करतो आणि मे महिन्यात आमचं सगळं वेळापत्रक त्या टाकीवरच चालतं. मी लगेच होकार कळवला, फक्त एक अट घातली: यायचं तर पूर्ण आठवडा. दोन दिवसांच्या भेटीत पोरांना एक तर ओतकाम दिसतं, नाही तर उष्मोपचार. जाड प्लेट साच्यात निवायलाच वेळ घेते, मग वाळू झाडणं, रायझर म्हणजे ओतताना वर राहिलेला जादा धातूचा खुंट तोडणं, घासणं आणि त्यानंतर भट्टीचा नंबर.

ओतकाम तिने बघितलं, ठिणग्यांचे फोटो काढले. सगळेच काढतात. तिला थांबवलं ते रायझर तोडताना. फेटलिंगवाल्या काकांनी घणाचे दोन ठोके घातले आणि मानेपाशी रायझर तुटून पडला. तुटलेल्या जागी जाडसर, चमकणारे दाणे दिसत होते. साखरेसारखे. “सर, इतकं सहज?” तिने विचारलं. म्हटलं, हीच वेळ असते तोडायची. एकदा पाण्यात गेली की घण नुसता उसळेल, आणि गॅसने कापायला जावं तर त्या पट्ट्यात पोलाद पुन्हा तापून ठिसूळ होतं.

कारण असं: या पोलादात मँगनीज साधारण 12 ते 13 टक्के आणि कार्बन सव्वा टक्क्याच्या आसपास. वाळूत हळू निवताना हा कार्बन कार्बाइड होऊन दाण्यांच्या कडांवर जाळी धरतो, आणि तडा त्या जाळीवरूनच पळतो. 1050 अंशांवर ती जाळी विरघळते. तिला परत जमायला वेळच न देता थंड करायचं, एवढ्यासाठी पाणी.

भट्टी सावकाश चढवावी लागते, कारण हे पोलाद उष्णता फार हळू आत नेतं. घाई केली तर भट्टीतच तडे जातात. 75 मिलिमीटरच्या प्लेटला वरच्या तापमानावर तीन तास. मग दार उघडलं, क्रेनने ट्रे उचलला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत लालभडक माल टाकीत गेला.

तिने आधीच वहीत गणित मांडलं होतं. एक टन पोलाद हजार अंशांनी निवणार, म्हणजे साधारण 650 मेगाज्यूल. वीस हजार लिटर पाणी एका अंशाने तापायला 84 लागतात. उत्तर, जवळजवळ आठ अंश. थर्मामीटर 33 वरून 40 वर गेला. “एक अंश कुठे गेला?” तर वर वाफ दिसतच होती की.

मग चाचणी. एकाच हीटमधल्या, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या धातूच्या दोन पट्ट्या पकडीत लावल्या. न तापवलेली पहिल्या दणक्याला तुटली, पाण्यातून काढलेली वाकत गेली. प्लेटला लोहचुंबक लावला तर जरासा चिकटला आणि तिचा चेहरा पडला. पोलाद नीट सुधारलं असेल तर चिकटायला नको, हे तिला माहीत होतं. पण भट्टीत वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळतो, त्यामुळे कातडीवर थोडी ओढ राहते. तेवढी जागा ग्राइंडरने घासली. चुंबक सुटून खाली पडला.

दुपारी क्रशरवाल्यांचा फोन आला: दुसरा सेट संध्याकाळपर्यंत पाहिजे, पाऊस लागायच्या आत खडी काढायची आहे. मी तिलाच विचारलं, “काय करायचं गं?” तिने वही उघडली. 40 आणि आठ, 48. आम्ही शेवटचं तापमान 45 च्या वर जाऊ देत नाही. पाणी जितकं गरम, तितका वाफेचा थर मालाभोवती जास्त वेळ टिकतो आणि प्लेटच्या पोटात जाळी परत धरते. बाहेरून काही कळत नाही, चुंबकही काही सांगत नाही. प्लेट क्रशरमध्ये तुटते तेव्हा कळतं.

डिसेंबरात पाणी 25 वर असतं, तेव्हा एका दिवसात दोन लोड निघतात. मे महिन्यात कोकणातल्या दमट हवेत टाकी रात्रभरातही फारशी निवत नाही, बोअरचं पाणी सोडूनच खाली आणावी लागते. दुसरा लोड तापवून भट्टीत ताटकळत ठेवण्यात अर्थ नव्हता. दाणे वाढतात, कातडी आणखी जळते. म्हणून तो भरलाच नाही. क्रशरवाल्यांना सांगितलं, उद्या दुपारी गाडी पाठवा. ते चिडले. बोअरचा पंप सुरू केला आणि दर तासाला पाण्याचं तापमान लिहायचं काम तिच्याकडे दिलं.