चैत्रगौरीची आरास, पडदा आणि पहिला तास

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दार सगळ्यांना उघडं असतं, गल्लीतल्या येतात, त्यांच्या पाहुण्याही येतात. यंदा पायऱ्यांची आरास पडद्याआड ठेवायची आणि सगळ्यांसमोर उघडायची असं ठरवलं होतं. पडदा लावणं सोपंय हो, अवघड काय तर वेळ. हळदीकुंकवाची बाई डाळ-पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्याची ओटी घेतली की पुढच्या घरी निघते, थांबणार कोण? आणि एप्रिलात आपल्याकडे सूर्य मावळतो पावणेसातच्या आसपास, त्याआधी पडदा उघडला तर खिडकीतून येणाऱ्या उजेडात लायटिंग दिसतच नाही. म्हणून आमंत्रण सहापासूनचं दिलं पण प्रत्येकीला सांगितलं, साडेसहापर्यंत पोचा, सातला पाच कमी असताना पडदा उघडणार.

सासूबाई म्हणाल्या, "गौरीलाच पडद्यात बसवलं तर कुंकू कुणाला व्हायचं गं आधी?" बरोबरच होतं की! मग पाळण्यातली गौर पडद्याच्या पुढं चौरंगावर बसवली आणि पडद्यामागं फक्त पायऱ्या, फराळाची ताटं, कलिंगडाची कमळं, बाहुल्या. त्यामुळे सहाला आलेल्या म्हाताऱ्या बायकांना कुंकू लावून, डाळ खाऊन निघायचं असलं तरी काही अडलं नाही.

वाट आखताना आधी चपलांचा विचार केला. सगळ्या उंबऱ्यापाशीच काढतात, ढीग होतो, मागून येणारी अडते. म्हणून चपला फाटकाच्या आत डाव्या भिंतीला, तिथून दारापर्यंत साधारण तीन फुटांची मोकळी वाट, आणि रांगोळी वाटेत नाही तर कडेनं, नाहीतर साडीच्या निऱ्यांनी अर्ध्या तासात पुसून जाते. बाहेर जायला परसातलं दार. ओटीचं टेबल त्याच दारापाशी ठेवलं, कारण ओटी हातात पडली की बाई निघते, ते टेबल पुढच्या दाराशी असलं की येणाऱ्या-जाणाऱ्या तिथंच अडकतात.

बसायला मध्ये सतरंजी, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या, पण खुर्च्या मागच्या भिंतीला. पुढं ठेवल्या तर सतरंजीवरच्यांना नुसत्या पाठी दिसणार. मी स्वतः खाली बसून बघितलं तेव्हा कळलं की सगळ्यात वरच्या पायरीवरची एलईडी लाईटची पट्टी थेट डोळ्यांत येतेय, उभं राहिल्यावर काहीच जाणवत नव्हतं. मग सगळ्या पट्ट्या पायरीच्या पुढच्या काठाच्या आतून, मागं तोंड करून चिकटवल्या, उजेड ताटांवर पडतो आणि दिवा दिसत नाही. लाईट पिवळसरच घेतली. पांढऱ्या लाईटमध्ये झेंडू आणि करंज्या दोन्ही आजारी दिसतात, माझं तरी असंच मत.

आता अॅडाप्टर. पाच मीटरच्या पट्टीवर मीटरला १४.४ वॅट लिहिलं होतं, म्हणजे ७२ वॅट, १२ व्होल्टला ६ अँपिअर लागणार. दुकानदार २ अँपिअरचा देत होता, "चालतंय की वैनी" म्हणून. मी १० चा मागून घेतला, थोडी ढील असलेली बरी. छोटा लावला तर तो हात लावू नये इतका तापतो, लाईट लुकलुकते. आणि अॅडाप्टर बरोबर असूनही पट्टीचं लांबचं टोक मंद दिसलं तर तिथपर्यंत व्होल्टेज कमी पोचतंय, दुसऱ्या टोकालाही त्याच अॅडाप्टरची वायर द्यायची, प्लसला प्लस. आदल्या रात्री तासभर चालू ठेवून बघितलं, कारण तापणं पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. वळीव आला की लाईट जाणार हे धरूनच सगळं इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेतलं.

पडद्याला शहापुरी साडी रिंगा घालून रॉडवर. मागची लाईट आधीच लावली तर साडीतून पायऱ्यांची सावली दिसते आणि मजाच जाते, म्हणून मागं काही लावायचं नाही. समई पडद्यापासून लांब, चौरंगाच्या पुढच्या बाजूला, साडी सरकताना हवेनं उडते हे लक्षात ठेवून.

ठरल्या वेळी लेकीनं आधी हॉलच्या ट्यूबा बंद केल्या, समईच्या उजेडाला डोळे सरावू दिले, मग साडी ओढली आणि साडी पूर्ण सरकल्यावरच मागचं बटण दाबलं. शेजारच्या कन्नड काकू "भाळ छंद आगेद री!", म्हणजे फार छान झालंय हो, म्हणत उठल्याच. मग फोटोंसाठी सगळ्या एकदम पुढं, तिथं मात्र वाटेचं नियोजन काही टिकलं नाही, लेकीला समईपाशी उभं केलं. उशिरा आलेल्यांसाठी परत पडदा ओढायचा हट्ट काहींनी धरला, मी नाही ओढला, दारातल्या ट्यूबा तेवढ्या बंदच ठेवल्या, म्हणजे आत पाऊल टाकल्यावर उजळलेल्या पायऱ्याच आधी दिसत होत्या.