पहिली दोन मिनिटं

"सर, आमच्या क्लबची पिच नाइट आहे. सुरुवातीला मी काय बोलू, म्हणजे पोरं धंद्याच्या कच्च्या कल्पना घेऊनसुद्धा उठतील?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्यामुळं सांगली-मिरजेच्या कॉलेजांतून परीक्षक म्हणून बोलावणं येतं. बहुतेक ठिकाणी सुरुवात किर्लोस्करवाडीनं होते. १९१०, माळरान, कारखाना, टाळ्या. एवढं उभं राहिलेलं चित्र बघितल्यावर अर्धीमुर्धी कल्पना घेऊन आलेला पोरगा चिठ्ठी घडी करून खिशात घालतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घ्यायचंच असेल तर त्याआधीचे दिवस सांगा. लोखंडी नांगर तयार होता, पण लोखंडानं जमीन नासेल या समजुतीनं शेतकरी तो घेत नव्हते.

माझा सल्ला असा की तुम्ही स्वतःचीच एक कच्ची कल्पना सांगून सुरुवात करा. सावळजच्या एका विद्यार्थ्यानं केलेली सुरुवात मला अजून आठवते. ती साधारण अशी होती:

"नमस्कार. आज बक्षीस नाही, नंबर नाही, स्लाइड नाही. आधी माझंच ऐका. आमचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकली की वाळायला साधारण पंधरा दिवस लागतात. त्यात अवकाळी आला तर वडील रात्री उठून गाडीवरून शेडावर जातात आणि बाजूचे पडदे सोडतात. उशीर झाला की माल भिजून काळा पडतो आणि सौद्यात दर पडतो. मला वाटतं, पडदा आपोआप खाली यावा. कसा, ते मला माहीत नाही. आता तुमचं सांगा."

यात त्यानं अडचण कुणाची, ती कधी येते आणि आज तो माणूस काय करतो, एवढंच सांगितलं. उत्तराची जागा मोकळी सोडली आणि सभागृह त्याच जागेतून आत शिरलं. इलेक्ट्रॉनिक्सचा एक जण म्हणाला, वारा मोजू, जोराचा सुटला की पडदा सोडू. तासगावकडची एक मुलगी लगेच म्हणाली, "अरे, वाऱ्यावरच तर बेदाणा वाळतो. तुझा पडदा दिवसभर खालीच राहील!" मग हवेतला ओलावा मोजायचं निघालं, पण तो पहाटे तसाही वाढतो. शेवटी गाडी पहिल्या थेंबावर आली. थेंब पडल्यापासून पडदा किती वेळात खाली यायला हवा? आणि पाऊस थांबल्यावर तो वर कोण घेणार? कोंडून राहिला तर माल बुरशी धरतो. एवढ्या चर्चेत ॲप हा शब्द कुणी काढला नाही, याचं मला विशेष बरं वाटलं.

ही चर्चा रंगली, कारण प्रश्नांचा नियम त्यानं सुरुवातीलाच सांगितला होता: आत्ता काय करता, मागच्या वेळी नेमकं काय झालं आणि त्यात किती पैसे गेले, एवढंच विचारायचं. "तू हे विकत घेशील का?" हा प्रश्न बाद. मित्राला सगळे होच म्हणतात. नफ्याचा हिशेबही त्या रात्री नको.

चोरीची भीती मात्र उडवून लावू नका. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नसतं, हे खरंच आहे. पण कुणी एखादी यंत्ररचना खरोखर शोधली असेल, तर अर्जाआधी ती चारचौघांत उघड केल्यानं पेटंट हातचं जाऊ शकतं, कारण ती मग नवी धरली जात नाही. म्हणून भाषणात एक वाक्य असू द्या: "ज्यांचं पेटंटसारखं काही आहे, त्यांनी अडचण सांगा, आतली रचना सांगू नका." अशांना आधी तात्पुरता अर्ज करता येतो. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. आणि कुणी मोबाइलवर चित्रण करणार असेल तर तेही आधीच सांगा.

"आता तुमचं सांगा" म्हटल्यावर शांतता पसरणारच. तिथं बहुतेक सूत्रसंचालक घाबरून एखादी शायरी टाकतात. त्यापेक्षा पोस्टकार्डाएवढे कागद वाटा आणि तीन मिनिटं सगळ्यांना लिहायला लावा, पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांनाही. कागदावर दोनच ओळी: कोण अडलंय, आणि आत्ता काय करतं. हातात लिहिलेलं असलं की उठणं सोपं जातं, कारण मग बोलायचं नसतं, वाचायचं असतं. पहिला नंबर क्लबच्या वक्तृत्वपटूला देऊ नका. त्याच्यामागून कोण उठणार? अडखळत वाचणारा एखादा आधी गाठून ठेवा, त्याची कल्पना मात्र खरोखर अर्धवट असू द्या. पढवलेला अर्धवटपणा पोरं लगेच ओळखतात.