सिनेमा बघता बघता मी तपासतो ते

“अरे, सिनेमा सिनेमासारखा बघ ना. प्रत्येक वेळी खरं किती, खोटं किती ते शोधत बसायची काय गरज?” असं मला नेहमी ऐकावं लागतं.

‘तान्हाजी’ २०२० मध्ये आला. त्यात कोंढाण्यावर एक अजस्र तोफ चढवतात आणि तिचा रोख राजगडावर असतो. थिएटरात सगळे श्वास रोखून बसले होते आणि माझ्या डोक्यात नकाशा उघडला होता. सिंहगड ते राजगड हे हवाई अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. त्या काळची मोठी तोफही नेम धरून एवढ्या लांब मारू शकत नव्हती. मला तो प्रसंग रंगला नाही. यात तुम्हाला माझा आगाऊपणा दिसतो, हे मला माहीत आहे. पण ज्या कड्यावर मी लहानपणापासून जातोय, तिथे काय घडलं हे जाणून घ्यावंसं वाटणं हा आगाऊपणा कसा?

तपासतो म्हणजे मी काही फार मोठं करत नाही. गोष्ट पहिल्यांदा कुठे सापडते, एवढंच बघतो. आधी त्या काळची पत्रं, मग बखर, मग पोवाडा. सभासदाची बखर या लढाईनंतर सुमारे पाव शतकाने लिहिली गेली. तिच्यात मावळे वानरासारखे कडा चढतात. घोरपड नाही. यशवंती घोरपड आणि शेलारमामा येतात ते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून.

हे सगळं मी घरी बोललो आणि तिथेच चुकलो.

सिनेमा बघून आलो त्या रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. बाबा खुशीत होते. आम्हा भावंडांना त्यांनी कितीदा सिंहगडावर नेलं असेल, मोजदाद नाही. दोणागिरीच्या कड्याशी उभं करून ते हाताने दाखवायचे, “इथून घोरपड सोडली, बघ.” परतताना ठरलेलं वाक्य, “राजे म्हणाले, गड आला पण सिंह गेला. म्हणून सिंहगड.” तेच त्या रात्री ते माझ्या मुलीला सांगत होते. मी मध्येच म्हणालो, “बाबा, सिंहगड हे नाव तानाजीच्या आधीपासून आहे. १६६३ च्या महाराजांच्या पत्रात ते आहे. लढाई १६७० ची.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. मी घोरपडही काढली, शेलारमामाही काढला. बाबांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, “म्हणजे माझ्या वडिलांनी मला खोटं सांगितलं?” मी म्हणालो, “खोटं नाही, पण पुरावा नाही.” त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उठले. भात तसाच राहिला.

तेव्हा मला वाटलं होतं, मी बरोबर आहे आणि बरोबर माणसाने गप्प का बसावं. आजही पत्रातली तारीख बदललेली नाही. ती मी मागे घेणार नाही. पण ‘पुरावा नाही’ हे मी ज्या आवाजात म्हणालो, तो मला अजून ऐकू येतो. शिवाय ज्या बखरीचा मी एवढा आधार घेतला, तीही काही रणांगणावर बसून लिहिलेली नाही. हे मला त्या रात्री ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते जास्त लागतं. सभासद लिहितो की लढता लढता तानाजीची ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही. मग त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत राहिला. तो आणि मोगलांचा किल्लेदार उदेभान, दोघेही पडले. मग भाऊ सूर्याजीने लोक सावरले. गडावरच्या पागेला आग लावली, तो उजेड राजगडावरून महाराजांना दिसला. “एक गड घेतला, परंतु एक गड गेला,” हे शब्द तिथले. तोफेची काहीएक गरज नव्हती! म्हणून मी तपासतो. काही काढून घ्यायला नाही, तर सिनेमाने काय वगळलं ते बघायला. पण बाबांना मी हे आधी सांगितलं असतं तर?

गेल्या दिवाळीत मुलगी त्यांच्याजवळ बसली, “आजोबा, सिंहगडाची गोष्ट.” ते म्हणाले, “तुझ्या बाबाला विचार. त्याला खरी माहीत असते.” मी तिला ढालीची गोष्ट सांगितली. तिने आपला डावा हात समोर धरून बघितला, मग विचारलं, “आणि घोरपड?”

मी म्हणालो, “ती आजोबा सांगतील.”

बाबांनी पेपर खाली ठेवला नाही.