लिमरिकमध्ये राहून लिमरिक शिकताना

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात राहते म्हटलं, की घरून हमखास विचारणा होते, “म्हणजे त्या पाच ओळींच्या कवितांचं गाव?” हो, तेच. शॅनन नदीकाठचं, पावसाचं गाव. त्या कवितेला हे नाव नेमकं कसं चिकटलं, यावर इथे आनंदाने वाद घालतात. एक मत असं, की पूर्वी मैफलीत प्रत्येकाने अशी कविता रचून म्हणायची आणि मग सगळ्यांनी ‘लिमरिकला येणार का?’ अशा अर्थाचं धृपद गायचं, त्यावरून. शहराच्या दक्षिणेला मेग नदीवर क्रूम नावाचं गाव आहे. तिथे अठराव्या शतकात आयरिश भाषेतले कवी जमायचे आणि याच चालीत एकमेकांची उडवायचे. त्यांतला शॉन ओ तूमा तर स्वतःच खानावळ-दारूगुत्ता चालवायचा. स्थानिक अभिमानी मंडळी सगळं श्रेय या कवींना देतात. मला या वादापेक्षा त्या चालीत जास्त रस आहे, कारण विनोद पिकतो तो चालीमुळे.

आपण मराठी माणसं इंग्रजी लिमरिक वाचतो ती सपाट वाचतो. आपल्याकडे वृत्त मात्रांवर चालतं, इंग्रजीत आघातावर. म्हणून अर्थ कळतो, यमकही कळतं, पण हसू येत नाही. त्यावर उपाय म्हणजे शब्द बाजूला ठेवून आधी ठेका धरायचा. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ तीन ठोक्यांची, तिसरी आणि चौथी दोन-दोन ठोक्यांची. दोन ठोक्यांच्या मधे साधारण दोन हलकी अक्षरं: त ता त त ता त त ता. लांब ओळींचं यमक एक, आखूड ओळींचं दुसरं.

इतकं कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण टाळी देत म्हणून पाहिलं, की कागदावर न दिसणारी एक गोष्ट कळते. पहिल्या ओळीत ठोके तीन असले, तरी हात चौथी टाळी देतोच, आणि तिच्यावर शब्द नसतो. तो श्वास. दुसऱ्या ओळीनंतरही तसाच श्वास. तिसरी आणि चौथी ओळ मिळून मात्र दोन अधिक दोन असे पूर्ण चार ठोके भरतात, त्यामुळे तिथे श्वासाला जागाच नाही. दोनदा विसावा मिळालेला ऐकणारा तिसऱ्यांदा विसाव्याची वाट पाहतो, आणि तेवढ्यात पाचवी ओळ येऊन आदळते. तिच्यानंतर पुन्हा एक रिकामी टाळी. हसू त्या रिकाम्या टाळीवर पडतं.

मराठीत करून पाहू. दादरा घ्या, सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. एक आवर्तन म्हणजे आपला एक ठोका. ही माझी रचना:

लिमरिकात राहतात आजी,
शोधतात मेथीची भाजी;
हिरवी ती कुरणात
सापडली क्षणात,
गाय मात्र होईना राजी!

‘लिमरिकात’ सहा मात्रा, ‘राहतात’ सहा, ‘आजी’ चार आणि दोन मात्रा लांबवायच्या. मग एक अख्खं आवर्तन गप्प. ‘कुरणात’नंतर मात्र थांबायचं नाही, ‘सापडली क्षणात’ म्हणून थेट ‘गाय’वर यायचं. तिथे कुणी सवयीने दम घेतला, की विनोद फुसका होतो. (लिमरिक परगणा दुभत्या गाईंचा आहे, त्यामुळे प्रसंग अगदीच अशक्य नाही.)

आता यातली एकच जागा बदलते. तिसरी ओळ ‘हिरवी ती कुरणात’ऐवजी ‘गाईंच्या कुरणात’ अशी करा. मात्रा तितक्याच, यमक तेच, कानाला काहीही खटकत नाही. कविता मात्र मेली! गाय दोन ओळी आधीच दिसली, पाचव्या ओळीला सांगायला काही उरलं नाही. आखूड ओळींचं काम गोष्ट पुढे ढकलण्याचं आणि ऐकणाऱ्याला चुकीच्या दिशेला नेण्याचं. इथे त्यांनी ‘आजींना भाजी मिळाली, झालं!’ असं वाटायला लावलं पाहिजे.

दुसरा बदल: शेवट ‘राजी मात्र होईना गाय’ असा केला तर? अर्थ अक्षरशः तोच, एकूण मात्राही तितक्याच. पण ‘आजी-भाजी’चं यमक दोन ओळी गायब होतं आणि कान ते परत येण्याची वाट पाहत होता. त्याला ‘गाय’ ऐकू आलं, की दार लागल्याचा आवाजच येत नाही. पाचव्या ओळीला दोन कामं एकदम करायची असतात: अर्थ अनपेक्षित हवा आणि नाद मात्र अपेक्षित तोच हवा. यांतलं एकच जमलं, तर निव्वळ बातमी उरते किंवा निव्वळ तुकबंदी.

माझ्या रचनेत धक्का ओळीच्या सुरुवातीला आहे आणि यमक शेवटी. चालतं, पण अव्वल लिमरिकमध्ये दोन्ही जवळजवळ एकाच जागी येतात. 1923 मध्ये ‘पंच’ साप्ताहिकात आलेली, वनस्पतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड बुलर यांची लिमरिक घ्या. ब्राइट नावाची एक तरुणी प्रकाशापेक्षा वेगाने धावते, एके दिवशी सापेक्षतेच्या वाटेने निघते आणि परतते ती आदल्या रात्री. इंग्रजीत यमकं आहेत ‘ब्राइट’, ‘लाइट’ आणि शेवटी ‘नाइट’. ‘परतली’ ऐकल्यावर ‘नाइट’ येणार याचा कानाला अंदाज असतो, पण त्याच्या अगदी आधी ‘आदल्या’ या अर्थाचा शब्द घुसतो आणि सगळं उलटतं. शिवाय मधल्या ओळीतला ‘सापेक्ष’ हा शब्द आइनस्टाइनची आठवण देऊन धक्क्याची तयारी गुपचूप करून ठेवतो. लपवायचं म्हणजे काहीच सांगायचं नाही असं नव्हे.

आता एक कबूल करायला हवं. ज्यांच्या 1846 च्या पुस्तकामुळे हा प्रकार घरोघरी गेला, ते एडवर्ड लिअर (हे गृहस्थ 1873 मध्ये चित्रं काढायला मुंबईत उतरले होते) यांतलं फारसं काही करत नाहीत. त्यांचा दाढीवाला म्हातारा म्हणतो, मला भीती होती तेच झालं: दोन घुबडं, एक कोंबडी, चार चंडोल आणि एक छोटा पक्षी यांनी माझ्या दाढीत घरटी बांधली. पहिली ओळ संपते ‘दाढी’वर आणि पाचवीही ‘दाढी’वरच. त्यांची गंमत मधल्या यादीत आणि सोबतच्या चित्रात असते, पाचवी ओळ नुसती घरी परत आणते. मला स्वतःला ते जरा मिळमिळीत वाटतं, पण लहान मुलांना वाचून दाखवायला लिअरच बरे.

तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा पाचवी ओळ झाकून बाकीच्या चार कुणाला तरी ठेक्यात म्हणून दाखवा आणि शेवट ओळखायला सांगा. त्याने नुसता नाद ओळखला, ‘काहीतरी -आजी’ असं म्हणाला, तर उत्तम. त्याने थेट गाय ओळखली, तर तिसऱ्या-चौथ्या ओळीत ती कुठून डोकावली ते शोधा. आणि त्याला काहीच सुचलं नाही, तर पहिल्या दोन ओळींचं यमक पुरेसं ठसलेलं नाही, दुरुस्ती तिथे करायची.