‘मधला भाग नीट नाही’: तीनदा परत आलेला परिच्छेद

लेकीच्या वहीत तिसऱ्यांदा तोच लाल शेरा दिसला तेव्हा माझा संयम सुटला. ‘मधला भाग नीट नाही. पुन्हा लिहा.’ इतकंच. काय नीट नाही, कुठे नाही, नीट म्हणजे कसं, यातलं एक अक्षर नाही. पाचवीतली पोर रात्री साडेनऊला चौथ्यांदा तोच विषय लिहायला बसते आणि रडते, तेव्हा आईला राग येणारच. त्या शेऱ्याचा राग मला अजून आहे, म्हणून हे लिहितेय. आमच्यासारखंच कुणी अडलं असेल, तर निदान त्यांचे तीन आठवडे वाचतील.

आम्ही मालवण तालुक्यात, किनाऱ्याला लागून राहतो. विषय होता ‘मी पाहिलेली रापण’. सुमारे १०० शब्दांचा एकच परिच्छेद, सुरुवात, मध्य आणि शेवट असलेला. विषय इतका ओळखीचा की मला वाटलं, अर्ध्या तासात होईल. रापण तिने कितीदा बघितली आहे. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धगोल वळसा घालून जाळं टाकते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन बाजूंनी ते ओढतात. शीर्षक आणि अक्षर यांत काही अडचण आली नाही. शेवटाबद्दलही फारसं बोलणं झालं नाही. अडलं ते मध्यातच.

पहिल्या वेळी तिने लिहिलं ते असं: ‘रापण म्हणजे मोठे जाळे. रापणीत बांगडे मिळतात. तारल्या मिळतात. कधी सुरमई मिळते. रापण बघायला खूप लोक येतात. मला मासे आवडतात. मला रापण खूप आवडते.’ तेव्हा मला यात काही चूक दिसली नाही, हे कबूल करते. वाक्यं शुद्ध होती, माहिती खरी होती.

दुसऱ्या वेळी ती उलट्या बाजूला गेली. रविवारी उठले, दात घासले, चहा घेतला, आजीने हाक मारली, चप्पल सापडेना, वाटेत मैत्रीण भेटली. चौदा ओळींपैकी नऊ ओळी संपल्या तरी समुद्र आला नव्हता. रापण शेवटच्या दोन ओळींत उरकली. शेरा तोच.

तिसऱ्या वेळी मीच चुकीचा सल्ला दिला. बाजारातल्या एका मार्गदर्शकात ‘सर्वप्रथम, त्यानंतर, अखेरीस’ असे शब्द वापरा असं छापलेलं होतं. आम्ही पहिल्याच मजकुराला ते शब्द चिकटवले. ‘सर्वप्रथम रापणीत बांगडे मिळतात. त्यानंतर तारल्या मिळतात.’ वाचून मलाच कसंतरी झालं, पण वही दिली. परत आली ती तोच शेरा घेऊन.

मग मी शाळेत गेले. बाईंना विचारलं, नेमकं काय कमी आहे? त्या म्हणाल्या, “ताई, मध्य वाढवायला सांगा तिला.” मी म्हटलं, वाढवला तर १०० शब्दांच्या वर जाईल. त्या म्हणाल्या, “मग बाकीचं कमी करा.” तेवढ्यात घंटा झाली. चाळीस पोरांच्या वह्या एका बाईला तपासायच्या असतात, ते मला कळतं. पण ‘वाढवा’ हे उत्तर नव्हतं. वाढवायचं ते कशाने, हाच प्रश्न होता. घरी येताना रस्ताभर तेच डोक्यात होतं.

त्या रात्री मी तिचा पहिला मजकूर एका कागदावर उतरवला आणि एकेक वाक्य कात्रीने कापलं. त्या पट्ट्या जमिनीवर उलटसुलट पसरल्या आणि नवऱ्याला म्हटलं, या क्रमाने लावून द्या. त्यांनी लावल्या, पण तिच्या क्रमाने नाही. लेकीने दुसऱ्याच क्रमाने लावल्या. आणि दोन्ही वाचताना सारखंच वाटत होतं! बांगडे आधी की तारल्या आधी, लोक आधी की सुरमई, काहीच फरक पडत नव्हता. तेव्हा मला शेऱ्याचा अर्थ लागला. वाक्यांची अदलाबदल करूनही परिच्छेद तसाच राहत असेल, तर त्यात मध्य नाही, नुसती यादी आहे. मध्यात एका गोष्टीमुळे दुसरी घडली पाहिजे, म्हणजे वाक्याला आपली जागा सोडता येत नाही. ‘सर्वप्रथम’ लावून ते होत नाही, कारण बांगड्यांमुळे तारल्या येत नाहीत.

कळलं खरं, पण पोरीकडून काढायचं कसं? ते काम सासूबाईंनी केलं. त्या ओटीवर बसून नारळाच्या झावळीचे हीर काढत होत्या. त्यांनी नातीला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “माका सांग, त्या दिसा काय झाला?”

“होडी परत आली.”

“मगे?”

“माणसं दोन रांगांत उभी राहिली.”

“मगे?”

“दोर ओढायला लागली. मीपण ओढला.”

“दोर हातात घेतलंस तेवा कसो लागलो?”

“ओला होता. खरखरीत. माझे हात लाल झाले.”

हे तिने तीनपैकी एकाही वेळी लिहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “ते कुठे लिहायचं असतं?” माझ्या छातीत धस्स झालं. आम्हीच तिला शिकवलं होतं की लिहायचं म्हणजे माहिती द्यायची. सासूबाई ‘मगे?’ विचारत गेल्या आणि मी मागे बसून तिची उत्तरं जशीच्या तशी कागदावर घेतली. दहा मिनिटांत मध्य तयार होता. मी फक्त बोलीतली वाक्यं वहीच्या भाषेत आणायला तिला मदत केली. शेवटी झालेला परिच्छेद हा:

‘रविवारी सकाळी आजीने मला रापण बघायला किनाऱ्यावर नेले. होडी जाळे टाकून परत येत होती. आजीने हातात रिकामी टोपली घेतली होती. आधी माणसे दोन रांगांत उभी राहिली. मग दोन्ही रांगांनी जाळ्याचे दोर ओढायला सुरुवात केली. मीही एका दोराला हात लावला. दोर ओला आणि खरखरीत होता. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकू लागल्या. तेवढ्यात पाण्यावर पांढरे पक्षी घिरट्या घालू लागले. “मासे आले!” असे कोणीतरी ओरडले. सगळ्यांनी जोर लावला आणि जाळे वाळूवर आले. आत बांगडे आणि तारल्या चमकत होत्या. माझे तळहात लाल झाले होते. आजीने दोन वाटे विकत घेतले. जाताना रिकामी असलेली टोपली येताना आम्ही दोघींनी धरली. दुपारी जेवतानाही हाताला दोराचा वास येत होता.’

मोजून १०० शब्द. पहिली तीन वाक्यं सुरुवातीची, त्यांचे २० शब्द. मध्ये दहा वाक्यं, ६० शब्द. शेवटची तीन पुन्हा २० शब्दांची. इतकं काटेकोर जमायलाच हवं असं नाही, ९० ते ११० मध्ये काही बसलं तरी मला चालेल, पण मध्य सुरुवातीच्या दुपटीहून मोठा हवा. दुसऱ्या वेळी तो नव्हता. दात घासणं आणि चप्पल यांनीच वही भरली. सुरुवातीत कोण, कुठे, कधी एवढं आलं की लगेच काहीतरी चालू असलेलं दाखवायचं. इथे ती परत येणारी होडी.

पट्ट्यांची परीक्षा या परिच्छेदावरही केली. यावेळी शेजारच्या दादाला लावायला दिल्या, कारण घरातल्यांना मजकूर पाठ झाला होता. दोनच पट्ट्या त्याने इकडेतिकडे केल्या. तळहात लाल झाल्याचं वाक्य त्याने दोराच्या वाक्यामागे लावलं, आणि ते तिथेही चालतं. पण पक्ष्यांआधी ‘मासे आले’ असं कोणी ओरडलं नाही, आणि जाळं वाळूवर येण्याआधी बांगडे चमकले नाहीत. एखाददुसरं वाक्य हललं तर घाबरू नका. निम्म्याहून जास्त हलली, तर मात्र मध्य पुन्हा लिहा.

शेवटाबद्दल मघाशी सांगायचं राहिलं. ‘मला रापण खूप आवडते’ किंवा ‘अशा प्रकारे मला मजा आली’ हे वाक्य कुठल्याही विषयाला चिकटतं. सहल, जत्रा, वाढदिवस, काहीही. म्हणून ते आम्ही काढलं. शेवट सुचत नव्हता तेव्हा मी तिला सुरुवात पुन्हा वाचायला लावली आणि विचारलं, यातलं काय बदललं? ती पटकन म्हणाली, टोपली. सुरुवातीला टोपली रिकामी होती म्हणून शेवटी ती भरलेली दाखवता आली. सुरुवातीत अशी एखादी साधी वस्तू ठेवली तर शेवटासाठी डोकं खाजवावं लागत नाही.

काळाची चूक दोन ठिकाणी झाली होती, तीही सांगते. ‘दोर ओला होता’ लिहून पुढे ‘रांगा जवळ सरकतात’ असं तिने लिहिलं. पाहिलेला प्रसंग असेल तर क्रियापदं शेवटपर्यंत भूतकाळातच ठेवायची. लिहून झाल्यावर फक्त वाक्यांचे शेवट बोटाने वाचत गेलं की ही चूक लगेच सापडते: नेले, होती, राहिली, केली.

चौथ्यांदा वही परत आली तेव्हा लाल शाईत फक्त बरोबरची खूण होती. शेरा काहीच नाही. लेक खुश झाली आणि खेळायला पळाली. मला मात्र वाटलं, पहिल्याच दिवशी ‘वाक्यं अदलाबदल करून बघ’ एवढे चार शब्द लिहिले असते, तर पोर तीन आठवडे रडली नसती.

शब्द मोजताना एक काळजी घ्या. आमच्या लेकीने ‘घरा समोर’, ‘किनाऱ्या वर’ असे शब्द तोडून लिहिले आणि १०० भरले असं समजली. मराठीत हे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच लिहायची असतात. ‘घरासमोर’ हा एक शब्द, ‘किनाऱ्यावर’ हाही एकच. तोडून लिहिलं तर शुद्धलेखनाचा गुण जातो आणि परिच्छेदही कमी पडतो. मोजायची सोपी रीत म्हणजे पहिल्या तीन ओळींतले शब्द मोजून सरासरी काढायची. तिच्या अक्षरात एकरेघी वहीवर ओळीला सात शब्द बसतात, म्हणजे साधारण चौदा ओळी. पेन्सिलीने चौदाव्या ओळीपाशी आधीच एक बारीक ठिपका देऊन ठेवला, तर दर वाक्यानंतर मोजत बसावं लागत नाही.