तुम्ही विचारलंत म्हणून: भागधारक नसलेल्या प्रकल्पाचा वटाव दर

"आमची संस्था देणगीवर चालते. कुणाला लाभांश द्यायचा नाही, कर्जही नाही. मग प्रकल्पाच्या हिशेबात डिस्काउंट रेट शून्य धरायचा, की बँकेसारखा १२ टक्के?"

दोन्ही नको. डिस्काउंट रेट किंवा वटाव दर म्हणजे पुढच्या वर्षांचा खर्च आजच्या किमतीत आणताना तो दरवर्षी जितक्या टक्क्यांनी कमी धरायचा तो दर. दोन्ही का नकोत, ते एका उदाहरणावरून पाहू. धडगावकडच्या सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर पिण्याचं पाणी चढवायचं आहे. पाणी तेवढंच, वर्षंही तेवढीच, १५. सौरपंप उभारणीसकट ६ लाखांचा. वर्षाला देखभाल १२ हजार, आणि आठव्या वर्षी कंट्रोलर व पंप बदलायला १ लाख. डिझेल पंपाची उभारणी १ लाख २० हजारांत होते, पण रोजचं दोनेक लिटर डिझेल आणि दुरुस्ती मिळून वर्षाला ७० हजार जातात. सगळे आकडे नमुन्याचे आणि आजच्या भावाने. हे 'आजच्या भावाने' नीट लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ तिथेच होतो.

४ टक्के दराने १५ वर्षांचा खर्च आजच्या किमतीत आणला तर सौर ८ लाख ६ हजार आणि डिझेल ८ लाख ९८ हजार. सौर स्वस्त. दर १२ केला की सौर ७ लाख २२ हजार, डिझेल ५ लाख ९७ हजार, म्हणजे डिझेल सव्वा लाखाने स्वस्त. पंप तेच, पाणी तेच, फक्त दराने निकाल फिरवला. दर चढा असला की पुढच्या वर्षांचं डिझेल कागदावर नगण्य दिसतं.

आता तो १२ टक्के आला कुठून ते बघा. बँकेच्या व्याजदरात महागाई आधीच धरलेली असते. आपण मात्र डिझेलचा खर्च १५ वर्षं ७० हजारच धरला, भाववाढ लावलीच नाही. खर्चात महागाई नाही आणि दरात आहे, असा हिशेब लंगडाच. महागाई ५ टक्के समजली तर १२ टक्क्यांतला महागाई वगळून उरणारा खरा दर `(1.12 ÷ 1.05) − 1`, म्हणजे ६.७ टक्के निघतो. गंमत म्हणजे या दराला दोन्ही पंपांचा खर्च सारखाच, ७ लाख ७१ हजारांच्या आसपास येतो. सव्वा लाखाचा फरक निव्वळ या गल्लतीचा होता.

मग आपला दर कोणता? पैसा इथे घातला नसता तर त्याचं काय झालं असतं, हे विचारायचं. संस्थेची गंगाजळी मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी पडून असेल आणि महागाई ५ असेल, तर खरा दर जेमतेम २ टक्के. हा तळ. वरच्या बाजूला आशियाई विकास बँक सामाजिक प्रकल्पांना ६ टक्के धरते, तर ब्रिटिश सरकारचा सर्वसाधारण दर ३.५ टक्के आहे. दोन्ही महागाई वगळून. अशा पाणीयोजनेला आम्ही ४ टक्के धरू, आणि २ व ६ टक्क्यांनीही हिशेब करून दाखवू. इथे ६ टक्क्यांलाही सौर वीसेक हजारांनी स्वस्त पडतो, त्यामुळे दरावरून वाद घालायचं कारण उरत नाही. दोन्ही पंप बरोबरीला आणणारा ६.७ हा आकडा मात्र अहवालात लिहाच. देणगीदार त्याच्या मनातला दर त्याच्याशी ताडून पाहील.

शून्य का नको? शून्य म्हटलं की आजचे ७० हजार आणि पंधराव्या वर्षीचे ७० हजार सारखेच ठरतात. हातातला पैसा दरम्यान ठेवीत राहू शकतो किंवा दुसऱ्या कामी येऊ शकतो, हे त्यात बसत नाही.

पॅनल चोरीला जातील, पुढचं अनुदान थांबेल, म्हणून दर दोन-तीन टक्क्यांनी वाढवायची सवयही सोडा. दर वाढवला की दूरचे खर्च आणखी लहान दिसतात, म्हणजे धोका मोजण्याऐवजी झाकला जातो. चोरीची भीती असेल तर कुंपणाचा आणि राखणदाराचा खर्च त्या त्या वर्षात मांडा.

एक अडचण मात्र दराने सुटत नाही. सौरचे जादा ४ लाख ८० हजार म्हणजे आणखी चार पाड्यांच्या डिझेल पंपांची उभारणी. निधी ठरलेला असेल आणि ते पाडे रांगेत असतील, तर पाचही पाडे एकत्र मांडून तुलना करा. पण मग डिझेलचे वर्षाचे साडेतीन लाख कोण भरणार, तेही त्याच तक्त्यात यायला हवं. अनुदान बहुधा उभारणीपुरतं असतं आणि डिझेल पाणी समितीच्या वर्गणीतून येतं. वर्गणी थकली की पंप बंद, म्हणून उभारणी आणि चालवण्याचा खर्च दोन रकान्यांत ठेवा आणि प्रत्येकासमोर पैसे देणाऱ्याचं नाव लिहा.